छतावरच्या कॅमेऱ्यातून टेबलांचा हिशेब: मोजणी कुठे जमते आणि कुठे फसते

बेंगळुरू: आउटर रिंग रोड आणि जुना विमानतळ रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या मारतहळ्ळी परिसरात दुपारचे जेवण ही घाईची बाब असते. आसपासच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील कर्मचारी साधारण एकाच वेळी बाहेर पडतात आणि अडीचच्या सुमारास पांगतात. अशा वेळी बसून जेवण्याच्या उपाहारगृहाच्या दारात वही घेऊन उभा असलेला व्यवस्थापक ताटकळणाऱ्या गटाला ‘दहा मिनिटे’ असे सांगतो. ती दहा मिनिटे अंदाजाची असतात. अंदाज चुकला तर माणसे शेजारच्या दारात जातात, आणि संध्याकाळी गल्ला कमी भरला की दोष बहुधा वेटरांच्या सुस्तीला किंवा गिऱ्हाइकांच्या गप्पांना दिला जातो.

हा अंदाज व्हिडिओतून काढता येईल, ही कल्पना नवी नाही. कॅमेरे तर आहेतच. मोठ्या संख्येने लोक येणाऱ्या आस्थापनांनी सीसीटीव्ही बसवावेत, अशी तरतूद कर्नाटकच्या २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यात आहे. मात्र सुरक्षेचे कॅमेरे सहसा दार आणि गल्ल्याकडे रोखलेले असतात. तिथून टेबले एकमेकांआड जातात. टेबलांचा हिशेब मांडायचा तर कॅमेरा छतावर, सरळ खाली पाहणारा हवा.

या कॅमेऱ्याकडून दोन आकडे हवे असतात. एका क्षणी किती टेबलांवर माणसे बसली आहेत, हा पहिला. एक गट बसल्यापासून उठेपर्यंत किती वेळ जातो, हा दुसरा. गट बसून उठेपर्यंतच्या काळाला येथे ‘बैठक’ म्हणू. पहिला आकडा तुलनेने सहज मिळतो. दुसरा त्याच चित्रांतून काढला जातो, म्हणून तोही तितकाच विश्वासार्ह असेल असे वाटते. तसे नसते.

कारण साध्या हिशेबात कळते. जेवणाच्या मोजणीसाठी सेकंदाला पंचवीस चित्रांची गरज नाही, दर पाच सेकंदांना एक चित्र पुष्कळ झाले. चाळीस मिनिटांच्या बैठकीत अशी ४८० चित्रे येतात. संगणकाने प्रत्येक चित्रात ‘या टेबलावर कोणी आहे की नाही’ हे ९७ टक्के वेळा बरोबर ओळखले, असे समजू. पहिल्या आकड्यासाठी हे उत्तम आहे. वीस टेबलांच्या दालनात सरासरी चूक एखाद्या टेबलाहूनही कमी राहील. पण ४८० चे तीन टक्के म्हणजे सुमारे चौदा चित्रे. त्या चौदा ठिकाणी भरलेले टेबल रिकामे दिसले आणि प्रत्येक वेळी ‘गट उठला, नवा बसला’ असे नोंदवले गेले, तर चाळीस मिनिटांच्या एका बैठकीचे दहा-पंधरा तुकडे होतात. चित्रागणिक ९७ टक्के अचूक असलेली यंत्रणा मग सरासरी बैठक तीन-चार मिनिटांची आहे, असे निर्विकारपणे सांगते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील टक्केवारी बहुधा याच पहिल्या प्रकारची असते, हे लक्षात ठेवलेले बरे.

चित्रे चुकतात का, हे पाहण्यासाठी छताखालच्या भूमितीकडे जावे लागते. सोपा मार्ग म्हणून अनेक जण पडद्यावर प्रत्येक टेबलाभोवती चौकट आखतात आणि चौकटीत माणूस दिसला की टेबल भरले असे धरतात. पण टेबल आणि माणसाचे डोके एका उंचीवर नसतात. कॅमेरा जमिनीपासून तीन मीटरवर, टेबलाचा पृष्ठभाग पाऊण मीटरवर आणि बसलेल्या माणसाचे डोके सव्वा मीटरवर आहे असे धरू. कॅमेऱ्याच्या अगदी खाली बसलेल्याचे डोके जागच्या जागी दिसते. जसजसे दूर जावे तसतसे ते बाहेरच्या बाजूला सरकते. कॅमेऱ्याच्या पायथ्यापासून तीन मीटरवर बसलेल्या माणसाचे डोके टेबलांच्या पातळीवर सुमारे ३.८६ मीटरवर असल्यासारखे दिसते. म्हणजे जवळजवळ ८६ सेंटिमीटरची सरक. मारतहळ्ळीसारख्या महागड्या जागेत टेबले खेटून मांडलेली असतात, तिथे एवढ्या सरकण्याने माणूस शेजारच्या टेबलाच्या खात्यात जातो. उभा वेटर उंच असल्याने आणखी सरकतो. त्याचे डोके १.६५ मीटरवर धरले, तर दोन मीटर अंतरावर उभा असलेला वेटर सव्वातीन मीटरच्याही पलीकडे दिसतो.

म्हणून चौकट टेबलाभोवती आखायची नसते. त्या टेबलावर बसलेल्यांची डोकी आणि खांदे चित्रात प्रत्यक्ष जिथे येतात, तिथे ती आखायची. हे जागेवर करून पाहावे लागते. दुपारच्या गर्दीआधी प्रत्येक खुर्चीवर आळीपाळीने एका माणसाला बसवावे आणि डोके कुठे दिसते याची खूण करावी. तासाभराचे काम आहे; ते टाळल्यास पुढचे कोणतेही गणित ती चूक दुरुस्त करू शकत नाही. एका विशाल कोनाच्या भिंगाने सगळे दालन टिपण्याचा मोहही आवरता घ्यावा. मध्यम दालनाला चार कॅमेरे लावले तर बहुतेक टेबले तीन मीटरच्या आत येतात.

दुसरी अडचण ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालीची. माणूस ओळखणाऱ्या प्रचलित प्रणाली मुख्यतः समोरून वा बाजूने काढलेल्या छायाचित्रांवर शिकलेल्या असतात. वरून पाहिले तर माणूस म्हणजे केसांचा एक गोल आणि दोन खांदे. माशाच्या डोळ्यासारख्या, म्हणजे ‘फिशआय’ भिंगातून तर माणसे चित्राच्या मध्यापासून किरणांसारखी चहूकडे आडवी पडलेली दिसतात. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेली ‘रॅपिड’ ही पद्धत नेमकी यासाठी होती. तिने माणसाभोवतीची चौकट सरळ न ठेवता त्याच्या दिशेने फिरवून काढली. अशी प्रणाली घेतली तरी आपल्या दालनातील काही शे चित्रांवर खुणा करून तिला पुन्हा शिकवावे लागते. पिवळसर दिवे, काळ्या पाठीच्या खुर्च्या, खुर्चीवर टाकलेली लॅपटॉपची काळी पिशवी, या गोष्टी तिला बाहेरच्या जगात भेटलेल्या नसतात. खुर्चीवरची ती पिशवी वरून डोक्यासारखी दिसते, हा नेहमीचा अनुभव.

एवढे करूनही काही चित्रे हुकणारच. तुकडे टाळण्याचा उपाय असा की, बसणे आणि उठणे या दोन्हींसाठी एकच नियम लावायचा नाही. गेल्या मिनिटातील बारा चित्रांपैकी किमान आठांत माणूस दिसला तर ‘बसले’ म्हणावे. ‘उठले’ मात्र सलग तीन मिनिटे, म्हणजे छत्तीस चित्रांत, कोणीच दिसले नाही तरच म्हणावे, आणि उठण्याची वेळ तीन मिनिटे मागे नेऊन लिहावी. दारात शिरायला एक उंबरठा आणि बाहेर पडायला त्याहून उंच उंबरठा, असे हे आहे. पाणी देऊन जाणारा वेटर मिनिटभर थांबत नाही म्हणून तो पहिल्या नियमात अडत नाही. मोबाइलवर वाकल्याने क्षणभर ‘नाहीसा’ झालेला माणूस दुसऱ्या नियमामुळे टिकतो.

आपल्याकडच्या जेवणाची एक रीत मात्र या नियमांना चकवते. जेवण झाले की माणूस हात धुवायला उठतो, परत येतो, बडीशेप चघळत बिलाची वाट पाहतो. एकटा जेवणारा असेल तर टेबल मध्येच दोन-तीन मिनिटे निर्मनुष्य होते. बेसिनसमोर रांग असेल तर चारही. याउलट ऐन गर्दीत एक गट उठताच, टेबल पुसण्यापूर्वीच दुसरा गट बसतो, आणि तीन मिनिटांचा नियम दोन बैठका एकत्र शिवून टाकतो. केवळ माणसे मोजून हा गुंता सुटत नाही. येथे टेबलाचा पृष्ठभाग साक्षीदार म्हणून बोलवावा लागतो. माणसे नसताना ताटे, पाण्याचे पेले किंवा बिलाची घडी तशीच असेल तर बैठक बहुधा संपलेली नाही. ताटे उचलली गेली, फडके फिरले आणि पृष्ठभाग मोकळा झाला, तर संपली. छतावरच्या कॅमेऱ्याचा खरा फायदा हाच आहे की त्याला टेबलाचा पृष्ठभाग दिसतो. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याला तो कधीच नीट दिसत नाही.

आता मोजणी बरोबर आली की नाही, हे कसे कळावे? येथे एक जुने सूत्र कामी येते. अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. सूत्र साधे आहे: एखाद्या जागेत सरासरी किती जण आहेत, हे तासाला किती येतात आणि प्रत्येक जण सरासरी किती वेळ राहतो, या दोहोंच्या गुणाकाराइतके असते. बँकेच्या रांगेला ते लागू आहे, तसेच जेवणाच्या टेबलालाही.

मारतहळ्ळीतील एखाद्या उपाहारगृहात वीस टेबले आहेत असे समजू. दुपारी साडेबारा ते अडीचच्या व्हिडिओवरून संगणक सांगतो की सरासरी १६ टेबले भरलेली होती आणि सरासरी बैठक २४ मिनिटांची होती. हे खरे असेल तर तासाला ४० गट जेवून गेले पाहिजेत. बिलाच्या यंत्रात मात्र, पार्सलची बिले वगळून, तासाला २४ बिलेच दिसतात. सोळा टेबले आणि तासाला चोवीस गट, म्हणजे सरासरी बैठक ४० मिनिटांची. संगणक २४ म्हणतो, गल्ला ४० म्हणतो. भरलेल्या टेबलांचा आकडा विश्वसनीय असतो, हे आपण पाहिले. तेव्हा चूक बैठकी तोडण्यात आहे. तासाला १६ बैठका केवळ चित्रे हुकल्यामुळे जन्मल्या आहेत. या पडताळणीला वेगळे उपकरण लागत नाही, गल्ल्यावरची बिले पुरतात. पथ्ये दोनच: एका टेबलाने दोन बिले मागितली असतील तर ती एकत्र धरावीत, आणि मोजणीचा काळ बैठकीच्या मानाने पुरेसा लांब घ्यावा. अर्ध्या तासाच्या व्हिडिओवर हे सूत्र लावून काही हाती लागत नाही.

नियम सुधारल्यावर सरासरी बैठक ४० मिनिटांवर आली असे मानू. वीसपैकी सोळा टेबले भरलेली, मग उरलेली चार कुठे आहेत? बाहेर तर रांग उभी आहे. बहुतेक मोजण्या येथे थांबतात, कारण त्यांच्या लेखी टेबल एक तर भरलेले असते नाही तर रिकामे. प्रत्यक्षात एक तिसरी अवस्था असते: माणसे गेली, ताटे तशीच. हे टेबल रिकामे दिसते, पण त्यावर कोणाला बसवता येत नाही. पृष्ठभागाकडे पाहणाऱ्या मोजणीने सांगितले की गट उठल्यापासून फडके फिरेपर्यंत सरासरी सात मिनिटे जातात, तर तेच सूत्र पुन्हा लावता येते. तासाला २४ गट आणि प्रत्येकी ७ मिनिटे, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी २.८ टेबले खरकटी पडून आहेत. खरोखर मोकळी उरतात ती १.२. गटाला आत बोलावून बसवेपर्यंतची जी तीन मिनिटे जातात, त्यात ती संपतात.

एका टेबलाचे पूर्ण चक्र मग असे होते: ४० मिनिटे जेवण, ७ मिनिटे खरकटे, ३ मिनिटे मोकळे. एकूण ५०. आवरण्याची सात मिनिटे तीनवर आणता आली तर चक्र ४६ मिनिटांचे होते आणि वीस टेबलांवर तासाला २४ ऐवजी सुमारे २६ गट बसतात. दुपारच्या दोन तासांत चार गट अधिक, आणि एकाही गिऱ्हाइकाला ‘आणखी काही हवे का’ असे सूचक विचारून उठवावे लागत नाही. हा हिशेब नसता तर मालकाने बहुधा बैठक कमी करण्यामागे धाव घेतली असती. दोन टेबलांमागे एक ‘बाय टू कॉफी’ घेऊन बसलेले मित्र डोळ्यांत खुपतात. न उचललेली ताटे खुपत नाहीत. अर्थात सात मिनिटे का लागतात, हे कॅमेरा सांगत नाही. आवरणारा एकच माणूस असेल, भांडी धुण्याच्या जागेत ताटे ठेवायला जागा नसेल. त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊन पाहावे लागते.

मोजणीच्या काळाची कडा हीही एक सूक्ष्म चूक घडवते. साडेबारा ते अडीच या दोन तासांत सुरू होऊन त्याच काळात संपलेल्या बैठकाच घेतल्या, तर लांब बैठका आपोआप गळतात. वीस मिनिटांत जेवणारा गट पहिल्या शंभर मिनिटांत कधीही आला तरी मोजला जातो. दीड तास बसणारा गट पहिल्या तीस मिनिटांतच आला तर मोजला जातो. छोट्या बैठकीला मोठ्या बैठकीच्या तिपटीहून अधिक संधी मिळते आणि सरासरी खोटीच खाली येते. उपाय सोपा आहे: बैठका त्यांच्या सुरुवातीच्या वेळेवरून निवडाव्यात आणि अडीचनंतरही त्यांचा शेवट होईपर्यंत व्हिडिओ पाहावा. व्हिडिओच संपला असेल तर ती बैठक ‘किमान इतकी’ म्हणून नोंदवता येते. अशा अपुऱ्या नोंदींतून योग्य अंदाज काढण्याची पद्धत कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ मध्ये दिली. वैद्यकीय संशोधनात रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी ती आजही नित्य वापरली जाते.

एका प्रकारच्या दालनात मात्र टेबलाचा हिशेब मुळातच लागू पडत नाही. गर्दीच्या वेळी चौघांच्या टेबलावर दोन अनोळखी जोड्या बसवण्याची पद्धत बेंगळुरूत, तशीच पुण्या-मुंबईच्या उडुपी हॉटेलांतही, सर्रास आहे. एक जोडी उठते तेव्हा दुसरी अर्धवट जेवलेली असते, त्यांच्या समोर तिसरी येऊन बसते. टेबल दोन तास सलग भरलेले राहते आणि यंत्रणा दोन तासांची एक बैठक नोंदवते. असे होत आहे याची खूण म्हणजे नोंदींत अचानक दिसणाऱ्या नव्वद-शंभर मिनिटांच्या बैठका, आणि त्याच टेबलावर तेवढ्या काळात निघालेली तीन-चार बिले. येथे टेबल सोडून खुर्ची हे एकक धरावे लागते. प्रत्येक खुर्चीची स्वतंत्र चौकट, स्वतंत्र बसणे-उठणे. उभ्याने खाण्याच्या दर्शिनी उपाहारगृहांत तर खुर्चीही नाही. तिथे ही सगळी पद्धत बाजूला ठेवून माणसांची ये-जा मोजावी लागते.

यंत्रणा सुरू करण्यापूर्वी तिची तुलना माणसाच्या नोंदीशी व्हायला हवी. एकाने घड्याळ आणि वही घेऊन तीन दुपारी एका कोपऱ्यात बसावे आणि आठ-दहा टेबलांपुरती तीनच वेळा लिहाव्यात: बसले, उठले, पुसले. नंतर संगणकाच्या वेळा शेजारी मांडाव्यात. किती चित्रे जुळली हे पाहू नये. किती बैठका जुळल्या, किती तुटल्या, किती एकत्र शिवल्या गेल्या, आणि जुळलेल्यांत वेळेचा फरक किती, हे पाहावे. सरासरीच्या जुळणीवर समाधान मानणे धोक्याचे असते, कारण तुटलेल्या आणि शिवलेल्या बैठका एकमेकींची चूक झाकतात आणि चाळीस मिनिटांची सरासरी चुकीच्या कारणाने बरोबर येऊ शकते. दिवे बदलले, टेबले हलवली, पावसाळ्यात खुर्च्यांवर रेनकोट टाकले जाऊ लागले, की ही वही पुन्हा उघडावी लागते. टेबल वीतभर सरकले तरी चौकटी जुन्याच जागी राहतात, आणि यंत्रणा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

राहतो प्रश्न चित्रांतील माणसांचा. वरून चेहरा कमी दिसतो, पण दिसतच नाही असे नव्हे. वर मान करून बसलेला माणूस ओळखू येतो, आणि रोज त्याच टेबलांवर काम करणारे वेटर तर सहकाऱ्यांना सहज ओळखू येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहिती ज्या उद्देशाने घेतली त्यापुरतीच वापरावी, हे तत्त्व आहे. सुरक्षेसाठी टिपलेला व्हिडिओ उद्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या हालचालींचा ताळेबंद मांडायला वापरला, तर तो वेगळा उद्देश ठरतो. टेबलांच्या हिशेबाला चित्रे साठवण्याची गरजही नसते. उपाहारगृहातीलच छोट्या संगणकावर चित्र वाचून लगेच टाकून देता येते. मागे उरते ती टेबलाचा क्रमांक आणि तीन वेळांची एक ओळ: बसले १.०४, उठले १.४३, पुसले १.५१.